मिठाच्या गोष्टीची पोथी: आठवीचा इतिहास चित्रकथीच्या रीतीने

सहा वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी दांडीयात्रेचं चित्र काढायला सांगितलं. पाठ शिकवून झाला होता, दोन तासिका हाताशी होत्या आणि मुलांना चित्रं आवडतात, एवढाच त्यामागचा विचार. एका मुलीने गांधीजींच्या मागोमाग नऊवारी नेसलेल्या, हातात काठ्या घेतलेल्या पाच-सहा बायका काढल्या. मी विचारलं, "या कोण गं?" ती म्हणाली, "बाई, बायका नसतील काय गेल्या? मीठ तर त्याच वापरतात." मी थबकले. साबरमतीहून निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, हे मला ठाऊक होतं, पण मी वर्गात ते सांगितलंच नव्हतं. तिने काढलं नसतं तर तो प्रश्न कधी निघालाच नसता.

तेव्हापासून मी हा पाठ उलट्या क्रमाने घेते. पाठ संपल्यावर चित्र काढून घेण्याऐवजी चित्र काढता काढता पाठ शिकवते. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते: अंगात काय होतं, पायात काय होतं, किती माणसं होती, कोण नव्हतं. पुस्तकातलं वाक्य वाचताना हे प्रश्न नजरेआड राहतात, हातात पेन्सिल आली की ते राहत नाहीत. खाली देते आहे तो पाठ सहा तासिकांचा आहे. आठवीच्या सविनय कायदेभंगाच्या पाठासाठी मी तो बसवला आहे.

पोथी म्हणजे काय

आमच्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाच्या कलाकारांनी चित्रकथी टिकवून ठेवली आहे. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर उभं करतो, वीणा-टाळ-हुडूक यांच्या साथीने कथा सांगतो आणि प्रसंग संपला की पुढचं चित्र समोर आणतो. चित्रावर एक अक्षरही नसतं. कथा बोलणाऱ्याच्या तोंडात असते.

वर्गासाठी ही रीत मला फार सोयीची वाटते. सुटी पानं असल्यामुळे आठ गटांना आठ पानं देता येतात. चित्रावर लिहायची मुभा नसल्यामुळे माहिती तोंडपाठ नाही तर समजलेली असावी लागते. शिवाय चित्र पुरं झाल्यावर ते सांगावं लागतं, त्यामुळे भिंतीवर चिकटवून विसरलं जात नाही.

एक पथ्य मात्र पाळा. मुलांना चित्रकथीची रामायणातली पात्रं उतरवून काढायला लावू नका आणि आपल्या कामाला 'चित्रकथी' असं नाव देऊ नका. ती त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे. आपण रीत उसनी घेतो, एवढं मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. जवळपास कलाकार असतील तर बोलवा आणि मानधन देऊनच बोलवा.

आधी प्रश्न, मग पानं

संपूर्ण पोथीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: मीठच का? एवढा मोठा देश, शेतसाऱ्यापासून दारूपर्यंत शंभर गाऱ्हाणी, मग लढ्यासाठी मीठ का निवडलं? हा प्रश्न नसेल तर आठ पानं म्हणजे आठ सुटे प्रसंग होतात आणि मुलं फक्त सनावळ्या रंगवतात. मी तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिते आणि सहाही तासिका पुसत नाही.

पानं अशी पाडते. पहिलं, घरातलं मीठ आणि त्यावरचा कर. दुसरं, व्हाइसरॉय आयर्विनला 2 मार्च 1930 रोजी लिहिलेलं पत्र. तिसरं, 12 मार्चचं साबरमतीहून प्रस्थान. चौथं, वाटेवरची गावं. पाचवं, 6 एप्रिलची दांडी. सहावं, 4-5 मेच्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडीच्या झोपडीतून झालेली अटक आणि येरवडा. सातवं, 21 मेचं धारासना. आठवं, शिरोडा.

आठवं पान दर ठिकाणी वेगळं असावं. आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे 1930 मध्ये सत्याग्रह झाला, म्हणून आमचं आठवं पान शिरोड्याचं. मुंबईच्या शाळेने वडाळ्याची मिठागरं घ्यावीत. अकोल्याकडच्यांनी दहीहांडा घ्यावं, तिथे समुद्र नसताना खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. जिथे खारं पाणीच नाही तिथे लोकांनी जंगलचे कायदे मोडले. उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी असाच जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारही झाला. सोलापूरच्या मुलांकडे तर लष्करी कायद्याचा आणि चार हुतात्म्यांचा इतिहास आहे. आपल्या गावाजवळचं पान शेवटी आलं की मुलं घरी जाऊन आजोबांना विचारतात, आणि मग पुस्तकात नसलेलं काहीतरी वर्गात येतं.

पहिली तासिका: नुसती गोष्ट

या तासिकेत कागद नाही, रंग नाहीत, फोटोही नाहीत. फोटो आधी दाखवला तर छत्तीस मुलं तोच फोटो काढतात. मी फक्त मूठभर खडे मीठ कागदाच्या पुडीत नेते आणि दोन-दोन खडे प्रत्येकाच्या तळहातावर ठेवते.

गोष्ट बारा मिनिटांची असते आणि ती वर्तमानकाळात सांगायची. साधारण असा सूर:

"1930 सालचा मार्च महिना. साबरमतीच्या काठी अजून उजाडायचं आहे. आश्रमाबाहेर रात्रीपासून माणसं बसून आहेत. कुणी म्हणतं, पहाटेच्या आत महात्माजींना पकडून नेणार. कुणी म्हणतं, गोळ्या घालतील. आत प्रार्थना चालू आहे. पंडित खरे भजन गातात. साठ वर्षांचा एक माणूस हातात बांबूची काठी घेऊन बाहेर येतो. त्याच्या मागे अठ्ठ्याहत्तर जण. सगळ्यात लहान सोळा वर्षांचा. तुमच्यापेक्षा दोन-तीनच वर्षांनी मोठा. पुढ्यात 385 किलोमीटरची वाट आहे आणि वाटेच्या टोकाला आहे..."

इथे थांबायचं आणि मुलांना तळहातावरचं मीठ जिभेला लावायला सांगायचं. मीठ हा शब्द आपण उच्चारायचा नाही, तो वर्गातून येतो.

गोष्टीत असे तीनच थांबे ठेवा. दुसरा थांबा कराच्या जागी. मागच्या वर्षी एका मुलाने मालवणीत विचारलं, "बाई, मीठ दर्यात फुकट गावता, मग तेका कर कित्याक?" यापेक्षा चांगला प्रश्न मला सुचला नसता. मी लगेच उत्तर दिलं नाही, तो फळ्यावर लिहून ठेवला आणि पहिल्या गटाकडे सोपवला. तिसरा थांबा दांडीला: खारट चिखलातला लहानसा गोळा उचलला, आता पुढे काय होईल? मुलं म्हणतात, पकडतील. त्या दिवशी पकडलं नाही. अटक महिन्याने झाली. तो महिना सरकारने का जाऊ दिला, हा प्रश्न सहाव्या गटाचा.

गोष्ट वाचून दाखवू नका. घरी दोनदा मोठ्याने सांगून बघा. पंधरा मिनिटांवर गेली तर काहीतरी गाळा. मी आयर्विनचा सगळा तपशील गाळते, तो दुसऱ्या गटाच्या चिठ्ठीत असतोच.

दुसरी तासिका: चिठ्ठ्या आणि दोन रेघा

छत्तीस मुलांचे आठ गट करा, चार गट पाचांचे आणि चार गट चौघांचे. चित्रात हुशार मुलं एका गटात जमू देऊ नका. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी मिळते. तीत पाच-सहा पक्क्या गोष्टी असतात, वाक्यं छोटी, सुशोभन नाही. मुलांना स्वतः शोधायला पाठवण्याचा प्रयोग मी एकदा केला. त्या वेळी गटांनी मोबाइलवरून एकमेकांशी न जुळणारे आकडे आणले आणि अर्धी तासिका भांडणात गेली. आठवीत पुरावा शोधण्यापेक्षा पुरावा वापरायला शिकणं आधी यावं, असं माझं मत झालं आहे.

पहिल्या गटाच्या चिठ्ठीत थोडं गणित असतं, कारण 'कर जाचक होता' या वाक्याचं चित्र होत नाही. मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे वीस आणे. तो मण साधारण 37 किलोचा. किलोमागे अर्ध्या आण्याच्या किंचित वर. माणशी वर्षाला पाच किलो मीठ धरलं तर पावणेतीन आण्यांच्या आसपास कर होतो. आता दुसऱ्या गटाच्या चिठ्ठीतलं वाक्य शेजारी ठेवा: गांधीजींनी आयर्विनला पत्रात लिहिलं की व्हाइसरॉयचा पगार महिना 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला 700 रुपये, आणि हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. म्हणजे प्रत्येक माणसाची जवळजवळ दीड दिवसाची कमाई नुसत्या मिठाच्या करात जाते, घरातल्या लहान मुलाचीसुद्धा. आणि सांगताना मी मुद्दाम गाळलेली गोष्ट चिठ्ठीच्या शेवटी: परवान्याशिवाय मीठ करणं किंवा किनाऱ्यावरचं उचलणं हा गुन्हा होता. मालवणीतल्या प्रश्नाचं उत्तर मुलं इथे स्वतः काढतात. फुकट गावता, पण उचलायचं नाही.

आता पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मी मुलांना दोन रेघा देते. जे चिठ्ठीत आहे ते काळ्या स्केचपेनच्या सलग रेघेने काढायचं. जे आपण अंदाजाने घालतो ते तपकिरी रेघेने, तुटक. पिंगुळीच्या चित्रांत असं काही नसतं, ही सोय मी वर्गासाठी केली आहे. नियम एकच: तपकिरी रेघ काढायला बंदी नाही, पण विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे. "त्या काळी गावात कंदीलच असणार" हे कारण चालतं. "छान दिसतं म्हणून" हे चालत नाही.

तासिकेच्या शेवटी प्रत्येक गट वहीत दोन रकाने करून लिहितो: काय काय काळ्यात येणार, काय काय तपकिरीत. हे लिहून झाल्याशिवाय कागद देऊ नका. इथे घाई केली तर पुढचे तीन तास नुसतं रंगकाम होतं.

तिसरी तासिका: कच्चं रेखाटन

वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत, गटातल्या प्रत्येकाने एकेक कच्चं चित्र काढायचं. दहा मिनिटं. मग गटाने त्यातलं एक निवडायचं किंवा दोघांच्या चित्रांतून एक करायचं. सगळ्यांनी काढणं यासाठी की नाहीतर चित्रकला चांगली असलेला एकच मुलगा काढतो आणि बाकीचे त्याला पेन्सिल तासून देतात.

या टप्प्यावर मी गटागटाशी बसते आणि दोनच प्रश्न विचारते. चित्रात सगळ्यात मोठं कोण आहे, आणि का? चित्र बघणारा कुठे उभा आहे? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. जवळजवळ प्रत्येक गट गांधीजींना पानभर काढतो आणि बाकीचे मुंगीएवढे. चौथ्या पानावर, वाटेवरच्या गावात, हे बरोबर आहे का? तिथली बातमी तर गावाची आहे: त्या भागात कित्येक गावच्या पाटलांनी सरकारी कामाचे राजीनामे दिले. मग सगळ्यात मोठा पाटील हवा, आणि त्याच्या हातातला कागद. एका गटाने गांधीजींची फक्त काठी आणि पाय काढले, चित्राच्या कडेला, आत येताना. बाकी सगळं पान गावाने भरलं. त्या वर्षीचं ते सर्वांत बोलकं पान होतं.

एका गटाचं काम सविस्तर

तिसरा गट, प्रस्थानाचा. त्यांच्या चिठ्ठीत होतं: 12 मार्च 1930, सकाळी साडेसहाच्या सुमारास. गांधीजींचं वय 60, हातात बांबूची काठी. बरोबर 78 सत्याग्रही, सगळे पुरुष, अंगावर पांढरी खादी. त्यांत विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे. रस्त्याच्या दुतर्फा हजारोंची गर्दी. कस्तुरबांनी निरोप दिला.

पहिली अडचण आकड्याची. इंपीरियल ड्रॉइंग शीटच्या पाव भागावर, साधारण अकरा बाय पंधरा इंचांत, 78 माणसं कशी मावणार? एकाने सुचवलं, दहा काढू आणि 'इत्यादी' लिहू. चित्रावर लिहायचं नाही, हा नियम आडवा आला. मग गणितात बरी असलेली मुलगी म्हणाली, 78 म्हणजे तीनाच्या सव्वीस रांगा. त्यांनी पुढच्या दोन रांगा पूर्ण काढल्या, त्यामागच्या रांगांची डोकी आणि खांदे एकमेकांवर चढवत नेले आणि अगदी मागे नुसते गोल. बरोबर 78 मोजून. पिंगुळीच्या चित्रांतही दूरचं लहान, जवळचं मोठं असा हिशेब नसतो, त्यामुळे ही मांडणी शोभली.

लगेच दुसरा मुलगा म्हणाला, "पण तिघा-तिघांची रांग होती हे चिठ्ठीत कुठे आहे?" नव्हतं. मग माणसं काळ्या रेघेत आणि रांगांमधल्या रस्त्याच्या आखणीची रेघ तपकिरी तुटक, असा तोडगा निघाला. हा वाद चार मिनिटं चालला आणि मी मध्ये पडले नाही. 78 हा आकडा पक्का, त्यांची मांडणी अंदाज, हा फरक त्यांना पुन्हा कधी समजावून सांगावा लागला नाही.

तिसरी अडचण बायकांची. चिठ्ठीत 'सगळे पुरुष' वाचल्यावर गटातल्या दोघी मुली नाराज झाल्या. त्यांना मी एक जास्तीची चिठ्ठी दिली: स्त्रियांना तुकडीत घेतलं नाही, याबद्दल त्या वेळच्या काही स्त्री कार्यकर्त्यांनी उघड नाराजी कळवली होती. 6 एप्रिलला सरोजिनी नायडू दांडीला हजर होत्या. आणि 21 मे रोजी धारासनाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांनीच केलं. मुलींनी ठरवलं, रस्त्याच्या कडेच्या गर्दीत सगळ्यात पुढे बायका काढायच्या, चालणाऱ्यांकडे बघणाऱ्या. गर्दी होती हे पक्कं, त्यात बायका पुढे होत्या हा अंदाज, म्हणून तपकिरी रेघ. आणि कस्तुरबा काळ्या रेघेत. सादरीकरणाच्या वेळी त्या मुलीने सातव्या गटाकडे हात करून सांगितलं, "या कडेला उभ्या आहेत, पण दोन महिन्यांनी त्या पानात पुढे असतील."

चौथी-पाचवी तासिका: पान

या दोन तासिका सलग मागून घ्या, शारीरिक शिक्षणाच्या किंवा कार्यानुभवाच्या बाईंशी बदल करून. सुटी चाळीस मिनिटं पुरत नाहीत, रंग काढण्यात आणि आवरण्यातच पंधरा जातात.

साहित्य थोडं लागतं. दोन इंपीरियल शीटचे आठ तुकडे होतात, एक जास्तीची शीट राखून ठेवा. गटाला एक काळं स्केचपेन, एक तपकिरी पेन्सिल, खडूरंगांचा एक डबा. पाण्याचे रंग मी बंद केले आहेत, कारण पातळ कागद फुगतो आणि पाठीला पाठ लावताना सुरकुत्या पडतात. मुख्य म्हणजे पाण्याचे रंग वाळेपर्यंत बोलणं रंगाचंच होतं. गटाने तीन किंवा चारच रंग निवडायचे. आकाश रंगवायचं नाही, कागदाचा पांढरा तसाच ठेवायचा. आकाश रंगवू दिलं तर अर्धा तास निळ्यात जातो.

दर दहा मिनिटांनी पेन्सिल गटातल्या पुढच्याकडे द्यायची. मी घंटी वाजवते. सुरुवातीला चांगलं काढणारी मुलं कुरकुरतात. त्यांना सांगा की त्यांचं काम शेवटच्या दहा मिनिटांत चेहरे आणि हात नीट करायचं आहे. शेजारच्याने काढलेलं खोडायचं नाही.

सातव्या पानाची काळजी घ्या. धारासनाला सत्याग्रही रांगेने पुढे गेले, पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, आणि त्यांनी हातही वर केला नाही. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराची बातमी जगभर गेली. मुलं, विशेषतः मुलगे, इथे रक्ताचा लाल रंग मागतात. एका वर्षी सगळं पान लाल झालं आणि सांगताना गट हसत होता. तेव्हापासून या गटाला मी एक अट घालते: लाठी वर गेलेली दाखवा, पडलेली नाही. आणि पुढची रांग पुढे येताना दाखवा. आता त्यांना चेहऱ्यावरचे भाव शोधावे लागतात आणि गट आपोआप गप्प होतो. वर्गातल्या कुणाच्या घरी मारहाण होते याची कुणकुण असेल तर त्या मुलाला या गटात घालू नका.

चित्रं पुरी झाली की शाळा सुटल्यावर पाठीला पाठ लावून चिकटवा: पहिलं-दुसरं, तिसरं-चौथं अशी जोडी. मैद्याची खळ पातळ आणि थोडीच लावा, कडांपासून आत, आणि रात्रभर हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवा. खळ जास्त झाली की कागद लाटेसारखा उठतो. चार जाड पानांची पोथी तयार होते.

सहावी तासिका: पोथी सांगणं

बाकं कडेला सरकवा, मुलं जमिनीवर बसू देत. पान उभं करायला लाकडी पाटी किंवा पाठीला वही लावलेली दप्तराची पिशवी चालते. प्रत्येक गटाला दोन मिनिटं, म्हणजे सोळा मिनिटं. उरलेला वेळ प्रश्नांना. टाळ असेल तर पान बदलताना वाजवा. भजनी मंडळात जाणारं एखादं मूल वर्गात असतंच.

सांगणाऱ्याच्या हातात कागद द्यायचा नाही. एवढ्याने मुलं घाबरतात, म्हणून आदल्या दिवशी गटाने आपसांत तीनदा सांगून बघायचं. मी एक मदत देते: पान सांगताना तीन वाक्यं अशी हवीत की बोट चित्रावर ठेवूनच बोलता येतील. "हा कागद बघा, यात राजीनामा आहे." बोट ठेवल्यावर पुढचं सुचतं. जे मूल उभं राहून बोलतच नाही, ते बोट ठेवण्याचं काम करतं आणि दुसरं बोलतं. दोघांनाही गुण मिळतात.

ऐकणाऱ्यांचं कामही ठरलेलं असावं. प्रत्येक पानानंतर वर्गाने एकच प्रश्न विचारायचा: ही तपकिरी रेघ कशावरून? इथे खरा इतिहासाचा तास सुरू होतो. एका वर्षी सहाव्या गटाने अटकेच्या पानावर पोलिसांच्या हातात मशाली काढल्या होत्या. तपकिरीतच. वर्गाने विचारलं, विजेच्या बॅटऱ्या नव्हत्या का तेव्हा? गटाला सांगता आलं नाही, मलाही खात्रीने सांगता आलं नाही. आम्ही मशालीशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. चिन्ह म्हणजे अक्षर नाही, म्हणून नियम मोडला नाही.

शेवटची पाच मिनिटं फळ्याच्या कोपऱ्यातल्या प्रश्नाला: मीठच का? पोथीतल्या कुठल्या पानावर याचं उत्तर आहे, ते बोटाने दाखवून एकेकाने सांगायचं. बहुतेक जण पहिलं पान दाखवतात, कारण मीठ प्रत्येक घरात असतं. काही चौथं दाखवतात. आठवं दाखवणारं एखादंच निघतं: कुठल्याही किनाऱ्यावर, अगदी आपल्या गावातही, हा कायदा कुणालाही मोडता येत होता. ते उत्तर आलं नाही तर मी आठवं पान नुसतं पुन्हा समोर ठेवते आणि थांबते.

गुण कसे द्यायचे

चित्राच्या सुबकपणाला गुण नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगा, पालकांनाही कळवा. मी दहांपैकी देते: काळ्या-तपकिरीच्या रकान्यांना तीन, सांगण्याला तीन आणि उरलेले चार प्रत्येकाच्या स्वतंत्र लेखी उत्तराला. ते लेखन दुसऱ्या दिवशी वर्गातच होतं, पंधरा मिनिटांत. प्रत्येकाने दुसऱ्या गटाचं एक पान निवडायचं आणि लिहायचं: या पानावरची एक पक्की गोष्ट, एक अंदाज, आणि हे पान पोथीतून काढलं तर गोष्टीत काय कळेनासं होईल. शेवटच्या भागावरून मला खरी समज दिसते. "दुसरं पान काढलं तर सरकारला आधी सांगितलं होतं हे कळणार नाही, मग ते चोरून मीठ उचलल्यासारखं वाटेल," असं एका मुलाने लिहिलं. त्याचं चित्र वर्गात सर्वांत कच्चं होतं.

या रीतीची एक मर्यादा आहे. सनावळी यातून आपोआप पाठ होत नाही. 12 मार्च, 6 एप्रिल, 5 मे, 21 मे हा क्रम मुलांना पानांच्या क्रमाने आठवतो, पण तारखा मागे-पुढे होतात. घटक चाचणीच्या आधी वीस मिनिटं साधी उजळणी लागतेच. आणि आधी-नंतरच्या घडामोडी, गोलमेज परिषदा, 5 मार्च 1931 चा गांधी-आयर्विन करार, हे सगळं मी नेहमीसारखंच शिकवते. प्रत्येक पाठाला सहा तासिका मिळत नाहीत. वर्षातून एक पाठ असा घ्यावा, दोन झाले तर उत्तम.

पोथी शाळेच्या कपाटात ठेवा, जुन्या कापडात गुंडाळून. पुढच्या वर्षीच्या आठवीला मी पहिल्या तासिकेनंतर नाही, तर त्यांची स्वतःची पोथी झाल्यावर ती दाखवते आणि चुका शोधायला सांगते. गेल्या वर्षी एका मुलाने जुन्या पोथीतल्या शिरोड्याच्या पानावर बोट ठेवलं. सत्याग्रहींच्या हातातल्या झेंड्यावर अशोकचक्र होतं, काळ्या सलग रेघेत. त्याने सांगितलं, तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता, चक्र 1947 च्या जुलैत आलं. ज्या गटाने ते काढलं तो तेव्हा दहावीत होता. त्यांना मधल्या सुट्टीत बोलावलं. चौघांनी पानाभोवती डोकी जुळवली, कागदाचा एक तुकडा कापला, त्यावर चरखा काढला आणि खळीने चक्रावर चिकटवला.